मेम्फिसमार्गे पार्सल

पार्सल दोन शहरांमध्ये दोन प्रकारे नेता येते. एक तर गाडी किंवा विमान थेट तिथे जाते, नाहीतर सगळीकडचा माल आधी एका मध्यवर्ती केंद्रात, म्हणजे हबमध्ये, गोळा होतो आणि तिथे वर्गवारी होऊन पुढे निघतो. दुसऱ्या पद्धतीला ‘हब अँड स्पोक’ म्हणतात.

फेडरल एक्स्प्रेसने १७ एप्रिल १९७३ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिसहून ही सेवा सुरू केली, तेव्हा १४ छोट्या विमानांनी २५ शहरांसाठी मिळून अवघी १८६ पार्सले नेली. २५ शहरांच्या जोड्या होतात ३००. प्रत्येक जोडीसाठी थेट विमान ठेवायचे म्हटले असते, तर निम्म्याहून थोड्याच जास्त जोड्यांना एखादे पार्सल मिळाले असते. हबमुळे मात्र एका शहरातून निघणारा सगळा माल, तो कुठेही जायचा असो, एकाच विमानात बसला. मेम्फिस निवडण्यामागे दोन कारणे होती: ते देशाच्या बऱ्यापैकी मध्यावर आहे आणि खराब हवामानामुळे तिथला विमानतळ क्वचितच बंद पडतो.

या सोयीची किंमत वेड्यावाकड्या प्रवासात मोजावी लागते. नॅशव्हिलहून अटलांटाला जायचे पार्सल आग्नेयेला निघायला हवे. पण हबच्या हिशेबात ते आधी पश्चिमेला मेम्फिसला जाते आणि तिथून उलटे फिरते. नकाशावर हे हास्यास्पद दिसते. तरी रात्रीत काम उरकत असेल, तर ग्राहकाला त्याचे सोयरसुतक नसते.

खरा धोका वेळेचा. संध्याकाळी निघालेली विमाने रात्री थोड्याच वेळाच्या अंतराने उतरतात, काही तासांत माल पट्ट्यांवरून वेगळा होतो आणि पहाटेपूर्वी विमाने परततात. एक विमान उशिरा आले तर त्यातल्या पार्सलांसाठी पंचवीस ठिकाणची विमाने थांबवायची, की ती पार्सले एक दिवस मागे ठेवायची? हबवर वादळ आले तर सगळ्या जाळ्याचीच गाडी अडते. म्हणून मोठ्या कंपन्या दुसरा हबही ठेवतात. फेडेक्सचा असा हब इंडियानापोलिसला आहे. शिवाय हबमधली चढउतार म्हणजे फुटण्याची आणि चुकीच्या पट्ट्यावर जाण्याची आणखी एक संधी. ट्रॅकिंगवर हबमध्ये पोहोचल्याची नोंद दिसते, निघाल्याची मात्र दिसत नाही, तेव्हा पार्सल बहुधा तिथेच रेंगाळलेले असते.

थेट मार्ग परवडतो तो गाडी रोज भरत असेल तेव्हाच. दोन शहरांत तेवढा माल असेल, तर तो हबला वळसा घालून सरळ ट्रकने पाठवणे स्वस्त आणि बिनधोक. उरलेला किरकोळ माल हबकडे जातो. मोठ्या कंपन्यांची जाळी अशी सरमिसळच असतात. अडचण येते परतीची. एखाद्या शहरात मोठी गोदामे असतील, तर तिथून ट्रक भरून निघतो, पण उलट दिशेने माल फारसा नसतो. मग तिकडे जाणारा ट्रक थेट धावतो आणि येताना हबला थांबून, तिथला माल घेऊन परततो.