पकड सोडण्याची किंमत

मृत्यूनंतर 2 ते 4 तासांत जबडा आणि मान आखडू लागतात. 12 तासांच्या सुमारास सगळा देह लाकडासारखा ताठ होतो. शरीरातली ऊर्जा संपली की स्नायू सैल पडतील, अशी आपली अटकळ असते. घडते मात्र उलटेच.

त्याचे कारण स्नायूच्या धाग्यांत आहे. स्नायुतंतूत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म कप्पे एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक कप्प्यात अ‍ॅक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड धागे एकमेकांत शिरलेले असतात. स्नायू आखूड होताना हे धागे आक्रसत नाहीत, फक्त एकमेकांवरून सरकतात. 1954 साली अँड्र्यू हक्स्ली व रॉल्फ नीडरगेर्के या जोडीने आणि ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन या जोडीने स्वतंत्रपणे हे मांडले.

धागे सरकवतात ती मायोसिनची डोकी. विहिरीतून पोहरा शेंदताना हात दोर धरतो, ओढतो, सोडतो आणि पुढे धरतो, तसे त्यांचे काम चालते. एका ओढीत अ‍ॅक्टिन सरकते सुमारे 10 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग. पण 10 सेंटिमीटरच्या तंतूत असे 40 हजारांच्या आसपास कप्पे असतात. प्रत्येक कप्पा पाव मायक्रोमीटरने आखडला, तरी तंतू 1 सेंटिमीटरने आखूड होतो. सगळी डोकी एकदम सुटत नाहीत, म्हणून ओढलेला दोर मागे घसरत नाही.

एरवी हा दोर झाकलेला असतो. अ‍ॅक्टिनवर जिथे डोके बसायचे, तिथे ट्रोपोमायोसिनची पट्टी आडवी आलेली असते. मज्जातंतूचा संदेश आला की तंतूतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडते आणि ट्रोपोनिनला चिकटते. त्यासरशी पट्टी बाजूला सरकते, डोकी अ‍ॅक्टिनला धरतात आणि ओढतात.

आता ऊर्जेचा हिशेब. एटीपीचा नवा रेणू येऊन बसला की डोक्याची पकड सुटते. मग तो रेणू फुटतो आणि त्या ऊर्जेने डोके चाप ओढल्यासारखे पुढच्या ओढीसाठी सज्ज होते. थोडक्यात, ओढण्याचे बळ आधीच भरून ठेवलेले असते; सोडायला मात्र दर वेळी नवा रेणू लागतो. काम संपल्यावर कॅल्शियम साठ्यात परत ओढणारे पंपही एटीपीवरच चालतात.

मृत्यूनंतर हे पंप थांबतात, कॅल्शियम झिरपते, डोकी दोर धरतात. एटीपी उरलेला नसल्याने ती सुटत नाहीत. हंगेरियन शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांनी सशाचा स्नायू ग्लिसरॉलमध्ये मुरवून त्यातला एटीपी घालवला होता. वरून एटीपी घालताच तो निर्जीव स्नायू आखडला. भोवतालच्या द्रावणातून कॅल्शियम काढून घेतले, तर तोच एटीपी अशा स्नायूला सैल करतो.

देहाला मात्र वरून कोणी एटीपी देत नाही. दीड-दोन दिवसांनी तो पुन्हा मऊ पडतो, पण तेव्हाही डोक्यांनी पकड सोडलेली नसते. विकरांनी धाग्यांची बांधणीच कुरतडलेली असते.