कागदावर मळकट, कपावर झळझळीत

सब्लिमेशन कागदावरचा फोटो पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. रंग मळकट, काळा तर राखाडी! पण ही शाई खुलते ती उष्णतेत. सुमारे १९० अंश सेल्सिअसला ती न वितळता थेट वायू होते आणि पॉलिएस्टरमध्ये शिरते. म्हणून कपाला पॉलिएस्टरचा लेप लागतो. साध्या सुती टीशर्टवरचा रंग धुण्यात उतरतो.

छापताना चित्र आरशातल्यासारखे उलटे हवे. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘साधा कागद’ऐवजी ‘मॅट’ आणि उच्च दर्जा निवडला, की शाई पुरेशी पडते.

मग कागद उष्णतारोधक टेपने कपाभोवती ताणून बसवायचा आणि प्रेसमध्ये सुमारे ३ मिनिटे दाबायचा. चित्राला सावलीसारखी दुहेरी कड आली, तर कागद सरकला असे समजावे; काळा तपकिरी दिसला, तर बहुधा ताप जास्त झाला.