एकाच बेअरिंगचे तीन कोड

रात्रपाळीत पंपाचं बेअरिंग जातं. मेंटेनन्सचा माणूस संगणकावर शोधतो, शिल्लक शून्य दिसते आणि सकाळी तातडीची खरेदी निघते. प्रत्यक्षात तसलीच बेअरिंगं स्टोअरच्या रॅकवर पडलेली असतात, फक्त दुसऱ्या कोडखाली. चाकण, भोसरी किंवा अंबडच्या कारखान्यात काम केलेल्या कुणालाही हा प्रसंग नवा वाटणार नाही.

अशा कारखान्यांत खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब ईआरपी या एकाच संगणकप्रणालीत चालतात. तिच्या तळाशी मालाच्या, पुरवठादारांच्या आणि ग्राहकांच्या कायमच्या नोंदी असतात. त्यांना मास्टर म्हणतात. प्रत्येक पीओ, प्रत्येक बिल यांतल्या एखाद्या नोंदीचा कोड घेऊनच तयार होतं. एकाच वस्तूच्या दोन नोंदी झाल्या की संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू ठरतात.

त्या बेअरिंगच्या नोंदी पाहा. एका कोडवर वर्णन आहे `BEARING 6205 ZZ`, दुसऱ्यावर `BRG BALL 6205-2Z` आणि तिसऱ्यावर `BALL BEARING 25X52X15`. पहिली दोन वर्णनं एकाच प्रकारची आहेत. दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं असली की काही उत्पादक `ZZ` लिहितात, काही `2Z`. तिसऱ्यात नुसती मापं आहेत : आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, रुंदी १५. पण रबरी सील असलेल्या `6205-2RS` चीही मापं हीच असतात आणि ते बेअरिंग वेगळं असतं. म्हणजे तिसरा कोड नेमका कशाचा, हे पडद्यावर बसून सांगता येत नाही. कुणीतरी रॅकपाशी जाऊन माल हातात घेऊन पाहावा लागतो.

म्हणूनच मालाचं वर्णन मोकळ्या वाक्यात लिहू न देता ठरलेल्या रकान्यांत भरून घेणं सोयीचं. प्रकार, मूळ क्रमांक, आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, झाकण की सील, उत्पादक आणि त्याचा भाग क्रमांक, असे रकाने असले की शोध नावावर न होता गुणांवर होतो. `BRG` लिहिलं काय आणि `BEARING` लिहिलं काय, जुनी नोंद सापडतेच.

पुरवठादाराची दुहेरी नोंद याहून महाग पडते. समजा, एका पुरवठादाराचे दोन कोड आहेत. एकात नावात 'इंजिनिअरिंग' हा शब्द पूर्ण आहे, दुसऱ्यात नुसतं `Engg.`. त्याचं १,१८,००० रुपयांचं बिल ई-मेलने येतं आणि पहिल्या कोडवर चढतं. चार दिवसांनी त्याच बिलाची कागदी प्रत मालाच्या गाडीबरोबर येते आणि दुसऱ्या कोडवर चढते. बहुतेक ईआरपीत तेच बिल पुन्हा चढू नये म्हणून अडसर असतो, पण तो साधारणपणे पुरवठादाराचा कोड, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम यांची जुळणी पाहतो. इथे कोडच वेगळा असल्यामुळे प्रणाली गप्प राहते आणि पैसे दोनदा जातात. चूक लक्षात येण्याची एक जागा जीएसटीच्या ताळमेळात असते. पुरवठादाराने बिल एकदाच भरलेलं असल्याने पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी मध्ये ते एकदाच दिसतं, आणि हिशेबात दोनदा घेतलेलं क्रेडिट जुळत नाही.

पुरवठादार ओळखायला भारतात नावापेक्षा खूप भक्कम खूण आहे, ती म्हणजे पंधरा अक्षरांचा जीएसटीआयएन. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तेरावं अक्षर त्या राज्यात त्या पॅनवरची कितवी नोंदणी ते सांगतं आणि शेवटचं अक्षर टंकलेखनातली चूक पकडण्यासाठी असतं. ज्याचे कारखाने पुण्यात आणि वेर्ण्यात आहेत अशा पुरवठादाराचे दोन जीएसटीआयएन असणं रास्तच आहे, कारण दोन्हीकडच्या बिलांवर कर वेगळ्या प्रकारे लागतो. म्हणून नियम असा करावा लागतो : तोच जीएसटीआयएन दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद थांबवायची, जीएसटीआयएन वेगळा पण पॅन तोच असेल तर इशारा द्यायचा आणि माणसाने पाहून ठरवायचं. जीएसटीत नोंदणी नसलेल्या छोट्या कामगारवाल्यासाठी किंवा वाहतूकदारासाठी पॅन आणि बँक खात्याचा क्रमांक तपासायचा.

नावावर विसंबण्याचा धोका किती मोठा, हे अमेरिकेतल्या एका खटल्यात दिसलं. लिथुआनियाच्या इव्हाल्दास रिमासौस्कासने लॅटव्हियात एक कंपनी नोंदवली. नाव तेच ठेवलं, जे तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या खऱ्या पुरवठादाराचं होतं. २०१३ ते २०१५ या काळात खोट्या ई-मेल आणि बिलांच्या आधारे फेसबुक आणि गुगल यांच्याकडून त्याने १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम आपल्या खात्यांत वळवली. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

इथे प्रश्न येतो मालकीचा. नोंद टाइप करणारा कर्मचारी तिचा मालक नसतो. मालक तो, जो 'ही माहिती बरोबर आहे' असं सांगू शकतो आणि चुकली तर उत्तर देतो. एका नोंदीलाही एकच मालक पुरत नाही. रकान्यागणिक तो बदलतो. पुरवठादाराच्या उधारीची मुदत पर्चेस ठरवतं, जीएसटीआयएन आणि पॅन अकाउंट्सचा करविभाग तपासतो. बँक खातं बदलायचं पत्र आलं तर ते फायनान्सकडे जातं. तिथला माणूस पत्रावरच्या नंबरवर नाही, तर आधीपासून नोंदीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करतो, आणि बदल मंजूर करणारा दुसराच कुणी असतो. बेअरिंगची मापं मेंटेनन्सची, एचएसएन कोड करविभागाचा, किमान साठा प्लॅनिंगचा. ग्राहकाची नोंद सेल्स मागतं, पण उधारीची मर्यादा फायनान्स घालतं. त्याच ग्राहकाचे दोन कोड झाले तर पाच लाखांची मर्यादा गुपचूप दहा लाखांची होते.

या वाटणीला सगळ्यात जास्त धक्का घाईचा बसतो. गाडी गेटवर उभी असते, 'आत्ताच्या आत्ता कोड काढून द्या' असा फोन येतो आणि शोधण्यापेक्षा नवा कोड उघडणं सोपं वाटतं. म्हणून मागणीच्या अर्जातच शोधाचा निकाल दाखवून 'यांपैकी एकही का चालत नाही' हे लिहायला लावणं उपयोगी पडतं. मात्र मंजुरीला चार दिवस लागू लागले की लोक 'इतर' नावाच्या सरसकट कोडवर खरेदी करू लागतात, आणि ती दुहेरी नोंदींपेक्षाही शोधायला अवघड. सरसकट कोडवरची खरेदी वाढताना दिसली, तर नियमांपेक्षा मंजुरीचा वेग आधी तपासावा.

झालेल्या दुहेरी नोंदी पुसून टाकता येत नाहीत, कारण जुनी बिलं त्यांच्यावरच उभी असतात. आधी ठेवायचा कोड ठरतो. मग दुसऱ्या कोडवरचे उघडे पीओ पूर्ण किंवा रद्द केले जातात, शिल्लक माल मोजून ठेवायच्या कोडवर वळवला जातो, पुरवठादाराची देणी-येणी एकाच खात्यात आणली जातात. त्यानंतर जुना कोड ब्लॉक होतो आणि त्याच्या वर्णनात नव्या कोडचा क्रमांक लिहिला जातो, म्हणजे जुनं नाव शोधणारा योग्य जागी पोचतो. याच्या जोडीला महिन्यातून एकदा तीन याद्या काढता येतात : एकाच पॅनवरचे अनेक कोड, एकाच बँक खात्यावरचे अनेक पुरवठादार, आणि वेगवेगळ्या कोडवर चढलेली पण क्रमांक व रक्कम सारखी असलेली बिलं. छोट्या कारखान्यात हे काम साध्या एक्सेलमध्येही होतं. यादीतली प्रत्येक ओळ चूक असतेच असं नाही, कारण पुणे-वेर्ण्यासारख्या रास्त जोड्याही तिथे येतात. त्या एकदा तपासून तशी खूण केली, की पुढच्या महिन्यापासून यादी छोटी होते.