साखर आधी सुटली, की मधुमेह आधी झाला?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या सुमारे ६ लाख ३७ हजार घरांतून माहिती गोळा झाली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे त्याची जबाबदारी होती. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, हिमोग्लोबिन मोजलं, आणि १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. प्रत्येक स्त्रीची तपासणी एकदाच झाली होती. लोकांची एकाच वेळची स्थिती अशी टिपणाऱ्या पद्धतीला क्रॉस-सेक्शनल सर्वेक्षण म्हणतात.

आजार किती लोकांत आहे, हे शोधायला ही पद्धत फार उपयोगी पडते. दवाखान्यातल्या नोंदींवरून हा आकडा काढला तर चुकतो, कारण तिथे त्रास होतो तेच येतात. सर्वेक्षणात घरं नशिबावर निवडली जातात. आधी गावं किंवा शहरातले विभाग निवडायचे, तिथल्या सगळ्या घरांची यादी करायची आणि त्या यादीतून ठरावीक अंतराने घरं घ्यायची. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका ठिकाणची २२ घरं घेतात. यादीत २२० घरं असतील तर दर दहावं घर येतं; पहिलं कोणतं, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर पुन्हा जायचं, शेजारचं घर घ्यायचं नाही. जी माणसं सतत घरी सापडतात तीच मोजली, तर कामावर जाणारी निसटतात आणि आकडा एका बाजूला झुकतो.

आता असंच सर्वेक्षण एका शहरात केलं असं समजू. आकडे काल्पनिक आहेत. १००० प्रौढांची तपासणी झाली, १२४ जणांना मधुमेह निघाला. म्हणजे प्रमाण १२.४ टक्के. निवड नीट झाली असेल तर खरा आकडा १०.४ ते १४.४ टक्क्यांच्या आसपास असेल, असं सांगता येतं. एकाच वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून प्रत्यक्षात ही मर्यादा थोडी रुंदच धरावी लागते. तरीही औषधं किती लागतील, तपासणी केंद्रं किती हवीत, हे ठरवायला एवढं पुरतं.

पण याच सर्वेक्षणात चहाबद्दलही विचारलं होतं. बिनसाखरेचा चहा घेणारे २०० जण, त्यांतल्या ६० जणांना मधुमेह, म्हणजे ३० टक्के. साखरेचा चहा घेणारे ८००, त्यांतल्या ६४ जणांना, म्हणजे ८ टक्के. मग बिनसाखरेच्या चहाने मधुमेह होतो का?

उत्तर घरोघरी ठाऊक आहे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून साखर सुटली. त्या ६० जणांना 'साखर कधी सोडली?' असं विचारलं, आणि ४५ जण म्हणाले, 'रिपोर्ट आल्यावर.' त्यांना आजार झाला तेव्हा ते साखरेचाच चहा पीत होते. त्यांना त्या गटात परत बसवलं, तर साखरेच्या गटात ८४५ पैकी १०९, म्हणजे जवळपास १३ टक्के होतात. बिनसाखरेच्या गटात १५५ पैकी १५ उरतात, म्हणजे १० टक्क्यांहून थोडे कमी. चित्रच उलटलं.

पण या उलटलेल्या चित्रावरही भरवसा ठेवता येत नाही. साखर कधी सोडली, हे आठवणीवर सांगितलं जातं. शिवाय मधुमेह रिपोर्टच्या कित्येक वर्षं आधीपासून मुकाट्याने असू शकतो, त्यामुळे 'आजार कधी झाला' याची तारीख रुग्णालाही माहीत नसते. चहा आणि रक्तातली साखर एकाच सकाळी मोजली, तर त्यांतलं पहिलं कोणतं हे मोजमापात उमटतच नाही. माणसं १००० ऐवजी एक लाख घेतली, तरी ३० आणि ८ हे आकडे अधिक पक्के होतील. क्रम मात्र कळणार नाही.

काही गोष्टींत क्रम आपोआप ठरलेला असतो. रक्तगट जन्मापासून असतो, मधुमेहाने तो बदलत नाही. तिथे क्रमाचा प्रश्न उरत नाही, पण आणखी एक अडचण राहते. सर्वेक्षणात भेटतात ते आज आजार असलेले आणि आज जिवंत असलेले. आजाराने लवकर दगावलेले यादीतच नसतात. एखाद्या औषधाने रुग्ण जास्त वर्षं जगू लागले, तर नवे रुग्ण तेवढेच असूनही प्रमाण वाढतं. तो वाढलेला आकडा आजार फैलावल्याची खूण नसतो.

चहाचा प्रश्न सोडवायचा असेल, तर मधुमेह नसल्याची रक्त तपासून खात्री केलेली माणसं घ्यायची, कोण कसा चहा पितं ते आजच लिहून ठेवायचं आणि पुढची काही वर्षं त्यांना पुन्हा पुन्हा भेटून रक्त तपासत राहायचं. तेव्हा चहाची नोंद आजाराच्या आधीची असते. म्हणून 'अमुक खाणाऱ्यांत तमुक आजार जास्त' अशी बातमी वाचली की आधी हे पाहावं: त्या माणसांना एकदाच भेटले होते, की आजार नसतानाही भेटले होते?