जुन्या तक्त्यांचे अक्षरवाचन : फोन की संगणक ?

आपल्या घरी जुन्या स्मरणिका व बाजारभावांचे छापील तक्ते जपून ठेवलेले असतात. त्यांच्या पानांचे चित्र घेऊन त्यातील अक्षरे वाचणारी साधने आज दोन प्रकारची आहेत. एक फोनवरील ॲप, उदाहरणार्थ गूगल लेन्स. दुसरे संगणकावर बसवावयाचे ‘टेसेरॅक्ट’, जे विनामूल्य मिळते. दोहोंत कोणते घ्यावे, हे कामावर अवलंबून आहे.

एकच पान असेल तर फोनला तोड नाही. छायाचित्र घेतले की काही क्षणांत मजकूर हाती येतो. पान किंचित वाकलेले असले वा त्यावर सावली पडली असली तरी बरेचसे निभावते. परंतु पाने शंभर झाली, की प्रत्येक वेळी मजकूर उचलणे, ठेवणे व नाव देणे यांतच दिवस जातो. शिवाय लेन्स चित्र इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे पाठविते. खातेवहीचे पान असे पाठवावे काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा. एखादे ॲप इंटरनेटवाचून चालते की नाही, हे फोन विमान-स्थितीत टाकून पाहिल्यास तत्काळ समजते.

टेसेरॅक्टला आरंभी कष्ट पडतात. पान सपाट ठेवून ३०० डीपीआयने स्कॅन करावे लागते व मराठीची `mar` ही फाईल एकदा उतरवून घ्यावी लागते. त्यानंतर इंटरनेटची गरज उरत नाही. तक्त्याच्या ओळी सलग राहाव्यात म्हणून आज्ञा अशी द्यावी :

```
tesseract pan12.png pan12 -l mar --psm 6
```

मजकूर `pan12.txt` या फाइलीत मिळतो. हीच आज्ञा ओळीने सर्व पानांना लावून दिली, की माणसाने शेजारी बसण्याचे कारण नाही. हस्ताक्षर व मोडी मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची.

आता अचूकतेचे पाहू. शंभरांत अठ्ठ्याण्णव अक्षरे बरोबर, हे ऐकावयास उत्तम वाटते. पण दीड हजार अक्षरांच्या पानावर त्या हिशेबाने तीस चुका होतात. शिरोरेषा तुटलेली वा शाई फुटलेली असेल, तर ‘ध’ व ‘घ’ आणि ‘भ’ व ‘म’ यांची अदलाबदल होते. शब्दातील अशी चूक वाचताना डोळ्यांस खटकते. आकड्यातील खटकत नाही. तेथे आपली तेरीजच कामी येते.

समजा, पानावर १२५, ९८ व १४७ गोणी आणि बेरीज ३७० छापली आहे. यंत्राने ९८ चे १८ वाचले, तर बेरीज २९० भरते, फरक ८०. नऊ आणि एक यांची अदलाबदल झाली, की फरक ८, ८० वा ८०० असाच येतो. असा फरक दिसताच प्रथम ते आकडे मूळ पानाशी ताडावेत. दोन चुका परस्परांस फेडून टाकतील, तेव्हा मात्र तेरीजही फसते. म्हणून दराचा प्रत्येक आकडा एकाने वाचावा, दुसऱ्याने पाहावा, हेच श्रेयस्कर.