चहाच्या दुकानाचा निरोप

देवगडास बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरील आमचें लहानसें चहाचें दुकान येत्या दिवाळीच्या पाडव्यास बंद होत आहे. आम्हीं उभयतांनीं तें 31 वर्षें चालविलें. पहांटे साडेतीनला उठून शेगडी पेटविणें आतां गुडघ्यांस झेपत नाहीं, आणि मुलांनीं मुंबईस आपापले उद्योग धरले आहेत. याहून निराळें कारण नाहीं. रस्त्यावर नवीं दुकानें निघालीं, त्यांचा आम्हांस राग नाहीं; एके काळीं आम्हीही येथें नवेच होतों.

दुकान मिटावयाचें ठरल्यावर खरा विचार पडला तो दिवसाचा. बंदरावरचें गिऱ्हाईक रोखीचें नसतें. जूनच्या आरंभापासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रांत जाण्याची बंदी असते. त्या 61 दिवसांत खलाशाच्या हातीं पैसा नाहीं, पण जाळीं विणतांना चहा तर हवाच. रोज दोन पेले, पेल्यास दहा रुपये, म्हणजे एका माणसाच्या नांवावर 1,220 रुपये चढतात. नारळी पुनवेनंतर होड्या लोटल्या, मासळी विकली गेली, कीं तो ही रक्कम दोन-तीन हप्त्यांनीं फेडतो. आंब्याच्या बागांतील राखणदारांचें उलट असतें. त्यांत नेपाळी पुष्कळ. ते मृगाआधीं गांवीं निघतात आणि जातां जातां हिशेब चुकता करतात.

मेअखेर दुकान मिटतें, तर खलाशांना नेमक्या अडचणीच्या दिवसांत उधारीचा आधार राहिला नसता. पुनवेलाच मिटतें, तर हंगामाची पहिली कमाई हातीं येण्याआधीं त्यांच्यापुढें वही धरावी लागली असती. म्हणून निवेदन पुनवेस आणि शेवट पाडव्यास, असें आम्हीं ठरविलें. मधल्या काळांत गणपतीस येणाऱ्या चाकरमान्यांची भेटही होईल. पाडव्यास दरवर्षीं नवी वही आणून तिची पूजा करीत असूं. यंदा ती आणावयाची नाहीं.

उधारी आजच माफ कां करीत नाहीं, असें एका स्नेह्यांनीं विचारलें. एक तर ज्यांनीं पोटास चिमटा घेऊन हिशेब फेडला, त्यांचा तो उपमर्द होईल. शिवाय जो फेडूं इच्छितो त्याला दान दिल्यासारखें करूं नये. पाडव्यापर्यंत ज्याला जमेल त्यानें द्यावें. त्यानंतर वही मिटली जाईल, आणि राहिलेल्या रकमेविषयीं बाजारांत वा वाटेंत आमच्या तोंडून शब्द निघणार नाहीं. होडीसह परत न आलेल्यांचीं पानें आम्हीं पूर्वींच आडवी रेघ मारून बंद केलीं आहेत.

गवळ्यास मात्र सर्वांच्या आधीं सांगितलें. त्याचें चार लिटर दूध रोज आमच्याकडे येतें. म्हैस कांहीं पाडव्याला दूध थांबवीत नाहीं. त्याला दुसरें गिऱ्हाईक शोधण्यास अवधि हवा होता, आणि तें त्याला मिळालेंही आहे. दुकानांतील गड्यास दोन महिन्यांचा पगार अधिक देऊं. पुढें आंब्याच्या पेट्या भरण्याचें काम सुरू होईपर्यंत त्याचें भागेल.

घरच्या चहाला आमची चव येत नाहीं, अशी तक्रार अनेक गृहिणी करीत. आमचें गुपित कांहींच नाहीं. दहा लहान पेल्यांस अर्धा लिटर पाणी व तितकेंच म्हशीचें दूध घ्यावें. ठेचलेलें आलें आधीं पाण्यांत टाकून तें खळखळून उकळूं द्यावें. कच्चें आलें थेट दुधांत पडलें, तर दूध फाटण्याची भीति असते. घरोघर चूक होते ती येथेंच. मग साखर व पांच लहान चमचे चहापूड घालावी. पाण्यास दाट तांबडा रंग येतांच दूध ओतावें, आणि दोनदां वर येऊं देऊन लगेच गाळावें. रंग काळपट झाला व जिभेस तुरटपणा लागला, तर चहा अधिक उकळला असें समजावें. तो साखरेनें सुधारत नाहीं. गाळलेली पूड पुन्हां उकळूं नये. आम्हीं ती आमच्या दारच्या माडांना घातली.

पेढीवर बसून आम्हांस माणसें मिळालीं. पावसांत एस्. टी. खोळंबली, तेव्हां परगांवच्या लेंकुरवाळ्यांनीं आमच्या पडवींत रात्र काढली. पुढें त्यांच्या घरचीं कार्याचीं आमंत्रणें आलीं. आम्ही आजारी पडलों, तेव्हां तांडेलांच्या बायकांनीं चार दिवस दुकान सांभाळलें आणि गल्ला पैशापैशानें मोजून दिला. हें ऋण वहींत लिहिलेलें नाहीं, म्हणून तें पाडव्यास मिटतही नाहीं.

पाडव्याच्या पहांटे नेहमींच्या वेळीं शेवटचें आधण ठेवूं. दूध संपेतों येईल त्याला चहा मिळेल, आणि त्या दिवशीं पैसे घेतले जाणार नाहींत. सर्वांनीं अवश्य यावें.