ताप हीच एक खूण

पायात काटा मोडला की काही तासांत ती जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि पुढे तिथे पू धरतो. या साऱ्यात मोठा वाटा न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा असतो. जंतू शिरल्याचे रासायनिक संदेश मिळताच त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात, जंतूंना गिळतात, मारतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे प्रामुख्याने याच मेलेल्या पेशी. रक्तात त्या जेमतेम दिवसभर टिकतात, म्हणून हाडांतल्या मज्जेला रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या पेशी घडवाव्या लागतात.

केमोची औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर मज्जेतल्या या घडणाऱ्या पेशीही सापडतात. आधी तयार झालेला साठा काही दिवस पुरतो. मग, बहुतेक औषधांच्या बाबतीत सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान, 'काउंट उतरतो'.

समजा, स्तनाच्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या बाईंना दहाव्या दिवशी रात्री १०१.२ अंश फॅरनहाइट ताप आला. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १२०० आणि त्यांपैकी न्यूट्रोफिल २० टक्के. म्हणजे खऱ्या लढणाऱ्या पेशी फक्त २४०. निरोगी माणसात त्या साधारण १५०० च्या वर असतात. ५०० च्या खाली गेल्या की धोका फार वाढतो.

बाईंना खोकला नाही, कुठे सूज नाही, छातीचा एक्स-रेही स्वच्छ. घरच्यांना हायसे वाटते, आणि नेमके इथेच फसायला होते. सूज आणि पू निर्माण करणाऱ्या पेशीच उरलेल्या नसल्याने संसर्ग असूनही तो दिसत नाही. पुष्कळदा हे जंतू बाहेरून आलेलेही नसतात. केमोने तोंडाचे आणि आतड्याचे नाजूक अस्तर सोलवटते आणि पोटातलेच जिवाणू रक्तात उतरतात. ताप ही एकच खूण हाती असते. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहिली, तर तीही पुसली जाते आणि तेवढ्या वेळात रक्तदाब कोसळू शकतो.

म्हणून ताप १००.४ च्या वर गेला की रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे आणि दारातच सांगायचे, 'केमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला.' तिथे तपासणीसाठी रक्त घेतले जाते, पण जंतू कोणता हे कळायला दिवस लागतात. तोवर न थांबता, शक्यतो तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. स्टेरॉइड घेणाऱ्यांनी आणखी जपावे. त्यांना संसर्गातही ताप येईलच असे नाही. थंडी वाजणे, घेरी येणे, एकाएकी गळून जाणे हेही त्यांनी तापाइतकेच गंभीर मानावे.

पुढच्या डोसानंतर, सहसा २४ तास उलटल्यावर, मज्जेला चालना देणारे जी-सीएसएफचे इंजेक्शन डॉक्टर देऊ शकतात. त्याने कंबरेची, मांड्यांची हाडे दुखतात. त्या दुखण्यावरही गोळी घेण्याआधी ताप मोजावा.